रंगीत खुंट्यांचा संकेतखेळ आणि ‘उत्तम विभाजना’ची कल्पना : एक ऐतिहासिक अभ्यास (१९७१ ते २००५)

प्रस्तावना

‘मास्टरमाइंड’ या नावाने जगभर विकला गेलेला रंगीत खुंट्यांचा खेळ बहुतेकांना मुलांची करमणूक म्हणून परिचित आहे. मात्र १९७७ च्या सुमारास संगणकशास्त्रज्ञ डोनाल्ड नूथ यांनी त्यावर एक छोटासा निबंध लिहिला आणि पुढील जवळजवळ तीन दशके गणितज्ञ व संगणक अभ्यासक एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिले. पुढचा अंदाज असा निवडावा की उरलेल्या शक्यतांचे उत्तम विभाजन होईल, हे सर्वांना मान्य होते. ‘उत्तम’ म्हणजे काय, यावर मात्र एकमत नव्हते. पाठ्यपुस्तकांत व वर्गाध्यापनात ‘नूथ यांची पद्धत ही या खेळाची सर्वोत्तम पद्धत होय’ असे विधान सर्रास आढळते. हे विधान एका अर्थाने खरे आणि दुसऱ्या अर्थाने चुकीचे आहे. प्रस्तुत लेखात ‘उत्तम विभाजन’ या कल्पनेचा अर्थ १९७७ ते २००५ या काळात कसा बदलत गेला, याचा मागोवा घेण्यात आला आहे.

खेळाचा उगम व नियम

चार अंकी गुप्त संख्या ओळखण्याचा ‘बैल आणि गायी’ हा कागद-पेन्सिलीचा खेळ इंग्लंडमध्ये पूर्वीपासून खेळला जात असे. १९६८ च्या सुमारास केंब्रिज विद्यापीठाच्या ‘टायटन’ संगणकावर फ्रँक किंग यांनी त्याचा ‘मू’ नावाचा कार्यक्रम लिहिला. पुढे इस्रायलमधील टपाल व दूरसंचार क्षेत्राशी संबंधित मॉर्डेकाई मेरोविट्झ यांनी याच कल्पनेला रंगीत खुंट्या आणि छिद्रांचा फलक यांचे रूप दिले. अनेक खेळणी-उत्पादकांनी तो नाकारल्यानंतर १९७१ साली न्यूरेंबर्गच्या खेळणी-मेळ्यातून तो इंग्लंडच्या इन्व्हिक्टा प्लास्टिक्स या कंपनीकडे गेला आणि अल्पावधीत लोकप्रिय झाला.

खेळाचे नियम सोपे आहेत. एक खेळाडू सहा रंगांतून चार खुंट्यांचा क्रम गुप्तपणे लावतो. रंगांची पुनरावृत्ती चालते. दुसरा खेळाडू अंदाज लावतो आणि प्रत्येक अंदाजानंतर त्याला उत्तर मिळते. रंग व जागा दोन्ही बरोबर असतील तर काळी खूण आणि रंग बरोबर पण जागा चूक असेल तर पांढरी खूण. कोणती खूण कोणत्या खुंटीसाठी आहे, हे सांगितले जात नाही. नूथ यांनी रंगांऐवजी १ ते ६ हे अंक वापरले व पुढील अभ्यासकांनीही बहुधा तोच प्रघात ठेवला. येथेही तोच स्वीकारला आहे. सहा अंक आणि चार जागा असल्याने एकूण संकेत ६ × ६ × ६ × ६, म्हणजे १२९६ होतात.

उत्तरे मोजताना एक चूक वारंवार होते. समजा गुप्त संकेत ३६३२ आहे आणि अंदाज १३४४ आहे. संकेतात ३ हा अंक दोनदा आहे, म्हणून दोन पांढऱ्या खुणा द्याव्यात, असे नवख्यास वाटते. ते बरोबर नाही. अंदाजात ३ एकदाच आला आहे, म्हणून खूणही एकच. प्रत्येक अंक दोन्ही बाजूंना किती वेळा आला आहे ते पाहून त्यांतील लहान संख्या घ्यावी, सर्व अंकांची बेरीज करावी आणि त्यातून काळ्या खुणा वजा कराव्यात. जे उरते त्या पांढऱ्या खुणा. उत्तर चुकीचे दिले गेल्याचे खेळाच्या मध्यावर कळतेच असे नाही. परंतु मिळालेल्या सर्व उत्तरांशी जुळणारा एकही संकेत यादीत उरला नाही, तर कोठेतरी मोजण्यात चूक झाली हे निश्चित समजावे.

चार जागांसाठी काळ्या-पांढऱ्या खुणांच्या पंधरा जोड्या कागदावर मांडता येतात. त्यांपैकी ‘तीन काळ्या व एक पांढरी’ हे उत्तर अशक्य आहे. तीन जागा बरोबर असतील तर चौथ्या रंगाला चुकायला दुसरी जागाच उरत नाही. म्हणून कोणत्याही अंदाजाला जास्तीत जास्त चौदा उत्तरे संभवतात. पुढील सर्व विवेचन या चौदा या संख्येवर उभे आहे.

नूथ यांची कसोटी : सर्वांत वाईट प्रसंग

नूथ यांचा निबंध ‘जर्नल ऑफ रिक्रिएशनल मॅथेमॅटिक्स’ या नियतकालिकाच्या १९७६-७७ च्या खंडात प्रसिद्ध झाला. त्यांचा विचार असा होता. प्रत्येक अंदाज उरलेल्या संकेतांची गटवार वाटणी करतो, कारण ज्या संकेतांना सारखेच उत्तर मिळेल ते एका गटात पडतात. कोणते उत्तर येईल हे आधी ठाऊक नसते. म्हणून प्रत्येक संभाव्य अंदाजासाठी सर्वांत मोठा गट किती मोठा होईल ते पाहावे आणि ज्याचा सर्वांत मोठा गट सर्वांत लहान आहे, तो अंदाज निवडावा. दोन अंदाज सारखे ठरले तर स्वतः उत्तर असू शकेल अशा अंदाजाला प्राधान्य द्यावे. ही सावध माणसाची कसोटी आहे. ती दैव प्रतिकूल आहे असे गृहीत धरून चालते.

पहिल्या अंदाजाला ही कसोटी लावली असता काय होते, ते खालील कोष्टकावरून दिसेल. रंगांची अदलाबदल व जागांची अदलाबदल लक्षात घेता पहिल्या अंदाजाचे खऱ्या अर्थाने वेगळे असे पाचच प्रकार उरतात. शेवटच्या स्तंभाचा उपयोग पुढील विभागात येईल.

| पहिला अंदाज | गटांची संख्या | सर्वांत मोठा गट | अपेक्षित उर्वरित संख्या |
|---|---|---|---|
| ११११ | ५ | ६२५ | ५१२.० |
| १११२ | ११ | ३१७ | २३५.९ |
| ११२२ | १३ | २५६ | २०४.५ |
| ११२३ | १४ | २७६ | १८५.३ |
| १२३४ | १४ | ३१२ | १८८.२ |

नूथ यांच्या कसोटीनुसार ११२२ हा अंदाज निवडला जातो, कारण त्याचा सर्वांत मोठा गट २५६ चाच आहे. चार वेगवेगळे रंग एकदम तपासणारा १२३४ हा सहज सुचणारा अंदाज येथे मागे पडतो. त्याला ‘शून्य काळ्या, दोन पांढऱ्या’ हे उत्तर आले तर ३१२ संकेत शिल्लक राहतात.

ही पद्धत प्रत्यक्षात कशी चालते, हे पाहण्यासाठी ३६३२ हा गुप्त संकेत घेऊ. पहिला अंदाज ११२२ लावला असता एक काळी खूण मिळते, कारण चौथ्या जागी २ आहे. याचा अर्थ संकेतात १ व २ मिळून एकच अंक एकदाच आला आहे आणि तो ११२२ मधील आपल्याच जागी आहे. ती जागा चारांपैकी कोणतीही असू शकते आणि उरलेल्या तीन जागी ३ ते ६ पैकी काहीही येऊ शकते. म्हणून ४ × ६४, म्हणजे २५६ शक्यता उरतात.

दुसरा अंदाज १३४४ आहे. त्याला एक पांढरी खूण मिळते. आता १ हा अंक पहिल्या जागी नाही, हे कळले. १ दुसऱ्या जागी असेल तर तीच पांढरी खूण झाली, मग उर्वरित तीन जागांवर केवळ ५ व ६ येऊ शकतात आणि असे आठ संकेत होतात. १ नसून २ तिसऱ्या जागी असेल तर अठरा, आणि २ चौथ्या जागी असेल तरीही अठरा. एकूण ४४ शक्यता राहतात.

तिसरा अंदाज ३५२६ आहे. त्याला एक काळी व दोन पांढऱ्या खुणा मिळतात आणि ४४ मधून सातच संकेत टिकतात : ३६३२, ३६६२, ४५६२, ४६२५, ५५३२, ६४२५ आणि ६६२३. येथे माणूस आणि नूथ यांची पद्धत यांचे मार्ग वेगळे होतात. सामान्य खेळाडू या सातांपैकी एक लावून पाहील, कारण नशिबाने तोच बरोबर ठरू शकतो. पण या सातांपैकी कोणताही लावला तरी उरलेल्यांपैकी किमान दोन संकेतांना एकच उत्तर मिळते. उदाहरणार्थ, ४५६२ लावल्यास ३६६२ आणि ५५३२ या दोघांनाही दोन काळ्या खुणा मिळतात आणि त्यांत भेद करण्यासाठी सहावा अंदाज लागू शकतो.

नूथ यांची पद्धत येथे १४६२ हा अंदाज लावते. या अंदाजात १ आहे आणि सातांपैकी एकातही १ नाही, म्हणजे तो कधीच बरोबर ठरणार नाही. तरीही तो उपयोगी आहे, कारण सातही संकेतांना त्याची सात वेगवेगळी उत्तरे येतात. ३६३२ ला एक काळी व एक पांढरी, ३६६२ ला दोन काळ्या, ४५६२ ला दोन काळ्या व एक पांढरी, ४६२५ ला तीन पांढऱ्या, ५५३२ ला एक काळी, ६४२५ ला एक काळी व दोन पांढऱ्या आणि ६६२३ ला दोन पांढऱ्या. प्रस्तुत प्रसंगी एक काळी व एक पांढरी खूण येते आणि पाचव्या अंदाजात ३६३२ निश्चितपणे सापडतो. चौथ्या अंदाजात जिंकण्याची संधी सोडून दिल्याने पाचव्यात जिंकण्याची हमी मिळाली.

नूथ यांनी या पद्धतीचा संपूर्ण तक्ता मांडून १२९६ पैकी प्रत्येक संकेत पाच अंदाजांत सापडतो, हे दाखविले. पाचांपेक्षा कमी अंदाजांची हमी देता येणार नाही, हे सिद्ध करण्यास तक्त्याचीही गरज नाही. कोणत्याही पहिल्या अंदाजानंतर किमान एक गट २५६ किंवा त्याहून मोठा असतो. दुसरा अंदाज त्याचे फार तर चौदा भाग करील, म्हणून एका भागात किमान १९ संकेत राहतील. तिसरा अंदाज त्या एकोणिसांचेही फार तर चौदा भाग करील, म्हणून एखाद्या भागात किमान दोन राहतील. तेव्हा चौथा अंदाज नेहमीच अचूक असेल, असे म्हणता येत नाही.

कसोटीतील बदल : सरासरीचा विचार

येथपर्यंत नूथ यांचे यश निर्विवाद आहे. परंतु त्यांच्या पद्धतीने सर्व १२९६ संकेत सोडविण्यास एकूण ५८०१ अंदाज लागतात, म्हणजे सरासरी ४.४७६. सर्वांत वाईट प्रसंगाची काळजी सोडून सरासरीचा विचार केल्यास हा आकडा कमी करता येईल काय, हा पुढील अभ्यासकांचा प्रश्न होता.

१९७८-७९ मध्ये रॉबर्ट आयर्विंग यांनी त्याच नियतकालिकात कसोटी बदलली. गुप्त संकेत मोठ्या गटात पडण्याची शक्यता लहान गटापेक्षा अधिक असते. म्हणून गटाचा आकार त्यात पडण्याच्या संभाव्यतेने गुणून बेरीज केली की, अंदाजानंतर सरासरी किती संकेत उरतील ते कळते. कोष्टकाच्या शेवटच्या स्तंभात हीच संख्या आहे. या कसोटीवर ११२२ मागे पडतो आणि ११२३ पुढे येतो. ११२२ चे तीन गट २५६ चे असल्याने त्यांचा भार एकत्रित जाणवतो. ११२३ चा एक गट २७६ चा असला तरी बाकीची वाटणी अधिक विखुरलेली आहे. आयर्विंग यांनी ही कसोटी सुरुवातीच्या अंदाजांपुरती वापरून पुढील लहान गटांत सखोल शोध घेतला आणि सरासरी ४.३६९ वर आणली.

१९८२ मध्ये एरिश नॉयविर्थ यांनी क्लॉड शॅनन यांच्या १९४८ च्या माहितीसिद्धांताकडे वळून गटांच्या वाटणीतून मिळणाऱ्या माहितीचे माप विचारात घेतले आणि सरासरी ४.३६४ पर्यंत नेली. हे माप काटेकोरपणे पहिल्याच अंदाजाला लावले तर निवड पुन्हा बदलते आणि १२३४ पुढे येतो. म्हणजे ‘उत्तम विभाजन करणारा पहिला अंदाज कोणता’ या एकाच प्रश्नाची वाईट प्रसंगाच्या कसोटीनुसार ११२२, अपेक्षित संख्येनुसार ११२३ आणि माहितीच्या मापानुसार १२३४ अशी तीन उत्तरे मिळतात. गणितात यांपैकी एकही चूक नाही. तिघांनी तीन वेगळे प्रश्न विचारले होते.

संपूर्ण शोध आणि त्याचा निर्णय

या तिन्ही कसोट्या एक पाऊल पुढचे पाहतात. विभाजनानंतर तयार झालेला गट पुढे सहज फुटेल की नाही, हे केवळ त्याच्या आकारावरून कळत नाही. दहा संकेतांचा एखादा गट एका अंदाजात पूर्ण विलग होतो, तर तेवढाच दुसरा गट अडून बसतो. वर पाहिलेल्या सात संकेतांचा गट हे त्याचेच उदाहरण होय. तो फुटण्यासाठी बाहेरचा अंदाज घ्यावा लागला. खरी सर्वोत्तम पद्धत शोधायची तर विभाजनाची मापे बाजूला ठेवून सर्व शाखा शेवटपर्यंत तपासणे आवश्यक होते. नूथ यांच्या पद्धतीत दुसरा अंदाज निवडतानाच १२९६ अंदाज व २५६ संकेत यांची सुमारे ३ लाख ३२ हजार वेळा तुलना करावी लागते. शेवटपर्यंतच्या शोधात हे काम कैक पटींनी वाढते.

ते काम केंजी कोयामा व टोनी लाइ यांनी १९९३ मध्ये पूर्ण केले. त्यांच्या शोधानुसार सर्व १२९६ संकेतांसाठी लागणारे किमान अंदाज ५६२५ आहेत, म्हणजे सरासरी ४.३४०. या पद्धतीची सुरुवात ११२३ ने होते. परंतु या पद्धतीत सहाव्या अंदाजाची गरज पडू शकते. पाच अंदाजांची मर्यादा कायम ठेवून किमान एकूण संख्या काढली तर ती ५६२६ येते, म्हणजे सरासरी ४.३४१. सर्वांत वाईट प्रसंग आणि सरासरी ही दोन उद्दिष्टे एकाच पद्धतीने पूर्णपणे साधत नाहीत. त्यांच्यात १२९६ खेळांमागे अवघ्या एका अंदाजाचे अंतर आहे.

२००५ मधील एक अनपेक्षित निष्कर्ष

सर्वोत्तम उत्तर ज्ञात झाल्यावरही विभाजनाचा प्रश्न संपला नाही, कारण मोठ्या खेळांत संपूर्ण शोध शक्य होत नाही. २००५ मध्ये बार्टेल्ड कोई यांनी जुन्या कसोट्या समान अटींवर परस्परांशी पडताळून पाहिल्या आणि एक अगदी साधी कसोटी सुचविली. गटांचा आकार पाहू नये, फक्त गटांची संख्या मोजावी आणि जो अंदाज सर्वांत अधिक गट पाडेल तो घ्यावा. तुलनेत निव्वळ अपेक्षित संख्येच्या कसोटीला एकूण ५६९६, माहितीच्या मापाला ५७२२ आणि गटसंख्येला ५६६८ अंदाज लागले. सर्वांत ढोबळ वाटणारी कसोटी अधिक सूक्ष्म कसोट्यांपेक्षा सरस ठरली.

याचे कारण खेळाच्या रचनेत आहे. प्रत्येक गटातील फार तर एक संकेत पुढच्याच अंदाजात अचूक लागू शकतो. म्हणून गटांची संख्या म्हणजे पुढील अंदाजात संपू शकणाऱ्या खेळांची कमाल संख्या होय. सरासरी कमी करण्यासाठी लवकर संपणारे खेळ वाढवावे लागतात आणि गटसंख्या थेट तेच मोजते. माहितीचे माप मात्र अनिश्चितता किती घटली एवढेच सांगते. ती अनिश्चितता उरलेल्या पूर्ण अंदाजांत कशी वाटली जाईल, हे त्यातून कळत नाही. चार जागा व सहा रंगांच्या खेळात अंदाजांची संख्या चार-पाचच असल्याने हा फरक ठळकपणे जाणवतो.

तथापि हा निष्कर्ष याच आकाराच्या खेळापुरता घेणे योग्य होईल. जागा व रंग वाढले की १४ या उत्तरसंख्येवर आधारलेली ही सर्व तुलना नव्याने करावी लागते. याच सुमारास जेफ स्टकमन व गुओ-छियांग झांग यांनी दाखवून दिले की, दिलेल्या अंदाज-उत्तरांशी जुळणारा एक तरी संकेत अस्तित्वात आहे काय, हा साधा प्रश्नसुद्धा सर्वसाधारण स्वरूपात एनपी-पूर्ण वर्गात मोडतो. म्हणजे उत्तरे मोजण्यात चूक झाली की नाही, हे तपासण्याची वर सांगितलेली रीतही मोठ्या खेळात जलद चालेल याची शाश्वती नाही.

समारोप

या खेळाच्या अभ्यासाचा इतिहास पाहता नूथ यांच्या पद्धतीस नंतरच्या पद्धतींनी खोटे ठरविले, असे म्हणता येत नाही. पाच अंदाजांची हमी १९७७ मध्ये जेवढी खरी होती तेवढीच आजही आहे आणि तिच्यात सुधारणा संभवत नाही. सरासरीच्या दृष्टीने मात्र त्यांची ४.४७६ ही संख्या १९९३ च्या ४.३४० पर्यंत खाली आली. म्हणून ‘सर्वोत्तम पद्धत’ हा शब्दप्रयोग वर्गात करताना कोणत्या उद्दिष्टासाठी, हे त्याच वाक्यात सांगणे आवश्यक ठरते. ज्या खेळाडूला पाच संधींत खेळ संपविणे भाग आहे, त्याने ११२२ ने प्रारंभ करून नूथ यांचा तक्ता वापरावा. ज्याला अनेक खेळांत मिळून कमीत कमी अंदाज लावायचे आहेत, त्याने ११२३ ने प्रारंभ करावा आणि क्वचित प्रसंगी सहाव्या अंदाजाची तयारी ठेवावी.